वाक्यातील संधी सोडवताना: शेपूट आधी, सांधा नंतर

संधीचे नियम तोंडपाठ असलेले विद्यार्थीही वाक्यातील जोडशब्दाचा विग्रह चुकवतात, आणि त्याचे कारण नियम विसरणे हे क्वचितच असते. नियम पाठ केले जातात ते ‘सूर्य + अस्त = सूर्यास्त’ अशा सरळ दिशेने, तर परीक्षेत उलट्या दिशेने जावे लागते; शिवाय तेथे शब्द ‘सूर्यास्त’ असा सुटा न येता ‘सूर्यास्तानंतर’ किंवा ‘सूर्यास्ताच्या’ असा प्रत्यय लागून येतो. प्रत्ययामुळे शब्दाच्या शेवटी जो काना किंवा जे जोडाक्षर तयार होते, ते संधीच्या खुणेसारखेच दिसते आणि विद्यार्थी तेथेच शब्द तोडून मोकळा होतो. म्हणून या लेखात नियमांची पूर्ण यादी न देता, वाक्यातून शब्द उचलण्यापासून उत्तर लिहिण्यापर्यंतचा क्रम दिला आहे. भर स्वरसंधी आणि व्यंजनसंधी यांवर आहे. विसर्गसंधीचा उल्लेख जेथे गोंधळ होतो तेवढ्यापुरताच येईल.

## तयारी : दोन छोट्या याद्या

विग्रह करताना खरी गरज पडते ती शब्दांच्या ओळखीची. पहिली यादी उपसर्गांची करावी आणि त्यांचा शेवट कोणत्या वर्णाने होतो, हे त्यांच्यासमोर लिहावे. अति, अधि, अभि, परि, प्रति, वि आणि नि हे इकारान्त आहेत; अनु आणि सु हे उकारान्त आहेत; उत् आणि सम् यांच्या शेवटी व्यंजन आहे. परीक्षेतील बरेचसे जोडशब्द यांपैकी एखाद्याने सुरू होतात, त्यामुळे ही यादी नुसती वाचून भागत नाही, ती डोळ्यांत बसली पाहिजे.

दुसरी यादी जोडशब्दात मागे, म्हणजे दुसऱ्या जागी येणाऱ्या, स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांची असावी: अर्थ, अंत, अंतर, अधिक, आलय, आचार, आज्ञा, इच्छा, इंद्र, ईश, ईश्वर, उदय, उत्सव, उत्तर, ऋषी, एक, ऐक्य. येथे ऱ्हस्व-दीर्घाकडे काटेकोर लक्ष द्यावे. ‘इंद्र’ ऱ्हस्व आहे, ‘ईश’ दीर्घ आहे, आणि ‘नरेंद्र’ व ‘नरेश’ या दोन्ही शब्दांत मात्र सारखाच ‘ए’ दिसतो. दिसणाऱ्या ‘ए’मध्ये मूळ स्वर ऱ्हस्व होता की दीर्घ, हे उरलेले नसते, ते केवळ मागचा शब्द माहीत असेल तरच सांगता येते.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. ‘कवी’, ‘रवी’, ‘गुरू’ हे शब्द मराठीत सुटे लिहिताना शेवटी दीर्घ लिहितात, पण समासात पहिल्या जागी आले की त्यांचे मूळ ऱ्हस्व रूप परत येते: कविमन, रविवार, गुरुदक्षिणा. विग्रहात काही पुस्तके ‘कवि + ईश्वर’ छापतात, तर काही ‘कवी + ईश्वर’. दोन्हींपासून ‘कवीश्वर’च होते, तेव्हा त्यावर वेळ घालवू नये, आपल्या पाठ्यपुस्तकात जे रूप आहे तेच लिहावे.

## टप्पा १ : शब्दाचे शेपूट काढा

वाक्यातील शब्द उचलल्याबरोबर त्याला लागलेला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय बाजूला करावे, सामान्यरूप मोडावे आणि शब्द शब्दकोशात सापडेल अशा मूळ रूपात आणावा. ‘देवालयातील’मधून ‘तील’ काढले की ‘देवालया’ उरते. शेवटचा काना सामान्यरूपाचा आहे, तो काढल्यावर ‘देवालय’ हाती येते. ‘महोत्सवास’मधून ‘महोत्सव’ आणि ‘सूर्योदयापूर्वी’मधून ‘सूर्योदय’ मिळते.

हा टप्पा गाळला की काय होते, याचा ठळक नमुना ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द. यातील ‘र्थ्यां’ हे जोडाक्षर पाहून विद्यार्थ्याला ‘इत्यादी’ आठवते, म्हणजे ‘इ’नंतर वेगळा स्वर आला की ‘य’ होतो हा नियम आठवतो, आणि तो ‘विद्यार्थी + आंनी’ असे काहीतरी लिहून बसतो. येथला ‘य’ संधीतून आलेला नाही. ‘विद्यार्थी’चे सामान्यरूप ‘विद्यार्थ्या’ होते, म्हणून तो दिसतो. ‘डोळ्यांत’, ‘पाण्याने’, ‘पुढाऱ्यास’ यांतील ‘य’ही सामान्यरूपाचाच आहे.

सावधान : शेवटच्या अक्षरावरचा काना किंवा तेथील ‘य’ ही संधीची खूण समजू नये. तत्सम शब्दातील सांधा बहुधा शब्दाच्या पोटात असतो. टोकाला असतो तो प्रत्ययाचा जोड.

पडताळा : काढलेला शब्द ‘हा एक …’, ‘ही एक …’ किंवा ‘हे एक …’ यानंतर ठेवून वाचावा. ‘हे एक देवालय’ बरोबर वाटते, ‘हे एक देवालया’ खटकते. खटकले तर शेपूट अजून पूर्ण निघालेले नाही. विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर हा पडताळा लागू पडत नाही, पण त्यांना शेपूटही सहसा नसते.

## टप्पा २ : सांध्याची खूण शोधा

आता मूळ शब्द डावीकडून वाचत जावे आणि ‘येथे दोन वर्ण एकमेकांत मिसळले असावेत’ असे सांगणारे ठिकाण हेरावे. अशी ठिकाणे फार नाहीत. शब्दाच्या मध्ये आ, ई, ऊ, ए, ओ, ऐ किंवा औ असेल. एखाद्या व्यंजनाला ‘य’ किंवा ‘व’ जोडलेला असेल. किंवा च्च, ज्ज, ल्ल, न्न, द्ग, च्छ यांसारखे जोडाक्षर असेल. अनुस्वारही खूण असू शकते, मात्र तो ‘सं’मध्ये असेल तरच त्याच्याकडे लक्ष द्यावे.

एकाच शब्दात दोन-तीन खुणा दिसल्या तर प्रत्येकीला सांधा मानण्याची घाई करू नये. ‘सूर्योदय’मध्ये ‘र्य’ हे जोडाक्षर आहे आणि ‘ओ’ही आहे. ‘र्य’ हा ‘सूर्य’ या शब्दाचा स्वतःचा आहे. सांधा ‘ओ’पाशी आहे. ‘पर्यटन’मध्ये मात्र तोच ‘र्य’ सांधा आहे, कारण तेथे ‘परि + अटन’ असे दोन शब्द निघतात. खूण फक्त जागा दाखवते. सांधा आहे की नाही, हे दोन्ही बाजूंच्या शब्दांवरून ठरते.

‘कारागृह’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मधला ‘रा’ पाहून ‘कार + आगृह’ करण्याचा मोह होतो, पण ‘कारा’ म्हणजे तुरुंग आणि ‘गृह’ म्हणजे घर. हे दोन शब्द कोणताही बदल न होता शेजारी ठेवलेले आहेत. येथे समास आहे, संधी नाही.

## टप्पा ३ : स्वर उलटे वाचा

आ, ई, ऊ. सजातीय स्वर एकत्र आले की दीर्घ होतात. उलट्या दिशेने पाहिले तर एका ‘आ’मागे चार शक्यता असतात: अ + अ, अ + आ, आ + अ, आ + आ. त्यांपैकी योग्य शक्यता निवडताना आधी मागचा, म्हणजे दुसरा शब्द पक्का करावा, मग पुढचा, म्हणजे पहिला. ‘विद्यार्थी’मध्ये ‘अर्थी’ हा शब्द आहे, ‘आर्थी’ नाही. म्हणून मागे अ. पुढे ‘विद्य’ असा शब्द नाही, ‘विद्या’ आहे. म्हणून पुढे आ. उत्तर ‘विद्या + अर्थी’. ‘हिमालय’मध्ये मागे ‘आलय’, पुढे ‘हिम’. ‘महात्मा’मध्ये ‘महा + आत्मा’. ‘परमार्थ’मध्ये ‘परम + अर्थ’.

ई आणि ऊ यांच्या बाबतीत शुद्धलेखन फार उपयोगी पडते. ‘परिच्छेद’मध्ये ‘रि’ ऱ्हस्व आहे आणि ‘परीक्षा’मध्ये ‘री’ दीर्घ आहे. उपसर्ग दोन्हीकडे ‘परि’च आहे. दुसऱ्या शब्दात वेलांटी दीर्घ झाली, कारण तिच्यात ‘ईक्षा’चा ‘ई’ मिसळला: परि + ईक्षा. याच न्यायाने प्रति + ईक्षा = प्रतीक्षा, अभि + इष्ट = अभीष्ट, रवि + इंद्र = रवींद्र, सु + उक्ती = सूक्ती आणि गुरु + उपदेश = गुरूपदेश. ‘गुरुदक्षिणा’त उकार ऱ्हस्व राहतो, कारण पुढे स्वरच नाही. जो ‘रविंद्र’ किंवा ‘परिक्षा’ लिहितो, त्याच्या लेखनात सांध्याची खूण पुसली जाते आणि पुढे विग्रह करताना ‘परी + क्षा’सारखे पर्याय त्याला खरे वाटू लागतात.

ए, ओ, अर्. अ किंवा आ यांच्यापुढे इ-ई आली की ए, उ-ऊ आला की ओ, आणि ऋ आला की अर् होतो. उलट जाताना पद्धत तीच: आधी मागचा शब्द. ‘ईश्वरेच्छा’तून ‘इच्छा’, ‘गणेश’मधून ‘ईश’, ‘महोत्सव’मधून ‘उत्सव’, ‘महर्षी’तून ‘ऋषी’. मग पुढचा: ईश्वर, गण, महा, महा. ‘रमेश’ आणि ‘नरेश’ यांत मागचा शब्द एकच असला तरी पुढे अनुक्रमे ‘रमा’ आणि ‘नर’ आहे.

सावधान : ‘ओ’ दिसला म्हणजे ‘उ’ मिसळला आहे असे नेहमीच नसते. ‘मनोरथ’, ‘तपोवन’, ‘वयोवृद्ध’ यांची फोड ‘मन + उरथ’, ‘तप + उवन’ अशी करून पाहिली की मागे शब्दच उरत नाही. ‘ओ’पुढच्या वर्णापासूनच मागचा शब्द सुरू होतो: रथ, वन, वृद्ध. असे झाले की विसर्गसंधी समजावी: मनः + रथ, तपः + वन, वयः + वृद्ध. ‘चंद्रोदय’मध्ये ‘दय’ला अर्थ नाही, ‘उदय’ला आहे; म्हणून ती स्वरसंधी.

ऐ, औ. हे शब्द मोजके आहेत: सदा + एव = सदैव, मत + ऐक्य = मतैक्य, जल + ओघ = जलौघ, महा + औषध = महौषध. प्रश्नकर्त्यांना यांतला एक शब्द विशेष आवडतो, तो म्हणजे ‘एकैक’ आणि त्याचे भावंड ‘एकेक’. दोन्हींचा विग्रह ‘एक + एक’ असाच आहे. ‘एकैक’मध्ये अ आणि ए मिळून ऐ झाला. ‘एकेक’मध्ये पहिल्या ‘एक’मधला शेवटचा अ गळून गेला आणि नुसता ए राहिला; मराठीच्या या लकबीला पररूप संधी म्हणतात. याउलट ‘नाही + असा = नाहीसा’मध्ये पहिला स्वर राहतो आणि दुसरा जातो, ती पूर्वरूप संधी. प्रश्नात प्रकार विचारला असेल तेव्हाच हा भेद महत्त्वाचा ठरतो.

## टप्पा ४ : ‘य’ आणि ‘व’ यांची मात्रा वाचा

इ-ई यांच्यापुढे वेगळा स्वर आला की इ-ईचा ‘य्’ होतो. उ-ऊ यांच्यापुढे वेगळा स्वर आला की ‘व्’ होतो. या जागी सर्वांत जास्त गुण जातात, वास्तविक येथेच उत्तर सर्वांत स्पष्ट लिहिलेले असते. ‘य’ किंवा ‘व’ यांच्यावर जे चिन्ह आहे, तोच मागच्या शब्दाचा पहिला स्वर असतो. ‘प्रत्येक’मध्ये ‘ये’ आहे, म्हणून मागे ए: प्रति + एक. ‘प्रत्युत्तर’मध्ये ‘यु’ आहे, म्हणून उ: प्रति + उत्तर. ‘अन्वेषण’मध्ये ‘वे’ आहे, म्हणून ए: अनु + एषण. काहीच चिन्ह नसेल तर अ: वि + अर्थ = व्यर्थ.

हे लक्षात ठेवले तर ‘अत्यधिक’ आणि ‘अत्याधुनिक’ यांच्यात घोटाळा होणार नाही. पहिल्यात ‘य’ साधा आहे, कारण ‘अधिक’ अ-ने सुरू होतो. दुसऱ्यात ‘या’ आहे, कारण ‘आधुनिक’ आ-ने सुरू होतो. ‘अत्याधिक’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. ते रूप ‘अति + अधिक’मधून निघूच शकत नाही. ‘पर्यटन’ आणि ‘पर्यावरण’ यांनाही हाच न्याय लावून पाहावा: परि + अटन, परि + आवरण.

‘स्व’ने सुरू होणारे शब्द जरा थांबून पाहावे लागतात. ‘स्वागत’ आणि ‘स्वार्थ’ यांचा आरंभ सारखाच दिसतो. ‘स्वागत’ म्हणजे चांगले येणे, तेथे ‘सु + आगत’. ‘स्वार्थ’ म्हणजे स्वतःचा लाभ, तेथे ‘स्व + अर्थ’. पहिल्यात उ-चा व् झाला. दुसऱ्यात ‘स्व’ हा पूर्ण शब्द आहे आणि सांधा त्याच्या नंतरच्या कान्यात आहे. येथे कोणताही नियम मदतीला येत नाही, अर्थच पाहावा लागतो. शब्दात ‘स्वतः’चा भाव असेल तर ‘स्व’ घ्यावा: स्वावलंबन, स्वाधीन, स्वेच्छा. ‘चांगले’ किंवा ‘अतिशय’ असा भाव असेल तर ‘सु’ घ्यावा: स्वागत, स्वल्प. ‘स्वच्छ’ हाही ‘सु + अच्छ’ आहे, आणि येथे ‘च्छ’ पाहून व्यंजनसंधी शोधत बसणारे हमखास फसतात.

‘ऋ’चा ‘र्’ होण्याची उदाहरणे फार थोडी आहेत. ‘पितृ + आज्ञा = पित्राज्ञा’ एवढे ध्यानात असले तरी चालते.

## टप्पा ५ : व्यंजनाचे मूळ रूप परत आणा

व्यंजनसंधीत पहिल्या शब्दाचे शेवटचे व्यंजन पुढच्या वर्णासाठी आपले रूप बदलते. विग्रह करताना ते व्यंजन बदलापूर्वीच्या रूपात लिहायचे असते, आणि नेमके येथेच दिसते ते तसेच उतरवले जाते. ‘जगदीश’चा विग्रह ‘जगद् + ईश’ नव्हे, तर ‘जगत् + ईश’. स्वर किंवा मृदू व्यंजन पुढे आले की त् चा द्, क् चा ग्, ट् चा ड् होतो: सत् + आचार = सदाचार, दिक् + अंबर = दिगंबर, वाक् + विहार = वाग्विहार, षट् + रिपू = षड्रिपू.

उलट प्रकारही आहे. ‘विपत्काल’ आणि ‘शरत्काल’ यांत त् दिसतो, पण मूळ शब्द ‘विपद्’ आणि ‘शरद्’ आहेत. पुढे कठोर ‘क’ आल्यामुळे द् चा त् झाला. म्हणून त् दिसला की त्, द् दिसला की त्, असा सरधोपट नियम करता येत नाही. पहिला शब्द सुटा असताना कसा म्हणतात, ते आठवून लिहावे. ‘शरद ऋतू’ म्हणतो, म्हणून शरद्.

पुढे अनुनासिक आले तर पहिले व्यंजन आपल्याच वर्गातले अनुनासिक होते: जगत् + नाथ = जगन्नाथ, तत् + मय = तन्मय, उत् + नती = उन्नती, षट् + मास = षण्मास, वाक् + मय = वाङ्मय. येथे ‘सन्मती’ आणि ‘संमती’ ही जोडी नीट पाहावी. ‘सन्मती’ म्हणजे चांगली बुद्धी: सत् + मती. ‘संमती’ म्हणजे होकार: सम् + मती, ज्यात म् चा अनुस्वार झाला. एकात न् आहे आणि दुसऱ्यात अनुस्वार आहे, एवढ्याच फरकावर उत्तर उलटते; तेव्हा वाक्यात कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे वाचूनच विग्रह करावा.

त् नंतर च, ज, ल आले की त् त्या वर्णासारखाच होऊन जातो: उत् + चार = उच्चार, सत् + जन = सज्जन, तत् + लीन = तल्लीन. ‘उज्ज्वल’मध्ये दोन ज का, याचे उत्तरही येथेच आहे: उत् + ज्वल. त् चा एक ज् झाला आणि ‘ज्वल’चा ज होताच. ‘उज्वल’ लिहिणारा उपसर्गाचा त् गाळतो. ‘महत्त्व’मध्येही असेच आहे, महत् + त्व, म्हणून दोन त.

च्छ : तीन वाटांनी येणारे जोडाक्षर. या एका अक्षरावर थोडा अधिक वेळ द्यावा, कारण त्याच्यामागे तीन वेगळे नियम असू शकतात. त् + छ पासून ‘च्छ’ होते: उत् + छेद = उच्छेद. त् + श पासूनही ‘च्छ’ होते, आणि तेव्हा श हरवतो: उत् + श्वास = उच्छ्वास, सत् + शिष्य = सच्छिष्य. शिवाय ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् घुसतो: परि + छेद = परिच्छेद, वि + छेद = विच्छेद, रत्न + छाया = रत्नच्छाया. ‘आ’ या उपसर्गानंतरही तसेच होते: आ + छादन = आच्छादन.

वेगळे करण्यासाठी ‘च्छ’च्या डावीकडे काय उरते ते पाहावे. ‘वि’, ‘परि’, ‘रत्न’ असा स्वतंत्र शब्द किंवा उपसर्ग उरला, तर च् मध्ये आलेला आहे आणि विग्रहात तो लिहायचा नाही. नुसता ‘उ’ उरला तर तो ‘उत्’ आणि नुसता ‘स’ उरला तर तो ‘सत्’ समजावा. मग उजवीकडे छ लावून पाहावा. ‘छेद’ला अर्थ आहे, तर तो ठेवावा. ‘छ्वास’ किंवा ‘छिष्य’ असे निरर्थक काही आले, तर छ च्या जागी श ठेवावा: श्वास, शिष्य.

पडताळा : विग्रहात ‘सज् + जन’, ‘उच् + चार’, ‘जगन् + नाथ’ असे पहिल्या शब्दाच्या शेवटी ज्, च् किंवा न् आले असेल, तर व्यंजन मूळ रूपात आणायचे राहून गेले आहे.

## टप्पा ६ : दोन कसोट्या, दोन्ही लावा

विग्रह तयार झाला की पहिली कसोटी अर्थाची: दोन्ही भागांना स्वतंत्र अर्थ आहे का, आणि तो जोडशब्दाच्या अर्थाशी जुळतो का? दुसरी कसोटी पुन्हा जोडण्याची: नियम लावून दोन्ही भाग जोडले तर तोच शब्द, त्याच ऱ्हस्व-दीर्घांसह मिळतो का?

एकच कसोटी लावून थांबणे धोक्याचे आहे. ‘सज् + जन’ जोडले तर ‘सज्जन’च होते आणि ‘विद्य + अर्थी’ जोडले तर ‘विद्यार्थी’च होते, म्हणजे दुसऱ्या कसोटीला हे दोन्ही चुकीचे विग्रह उतरतात. पहिलीत मात्र ‘सज्’ आणि ‘विद्य’ नापास होतात. उलट ‘सु + अर्थ’ या दोन्ही भागांना अर्थ आहे, पण जोडल्यावर ‘स्वर्थ’ होते, ‘स्वार्थ’ नव्हे. तेथे दुसरी कसोटी कामाला येते.

## एक वाक्य पूर्ण सोडवून

प्रश्नात असे वाक्य आहे असे धरू: ‘विद्यार्थ्यांनी सूर्योदयापूर्वी उठून प्रत्येक परिच्छेदातील शब्दांचा स्पष्ट उच्चार केला, तेव्हा त्या सज्जनांच्या डोळ्यांत आनंदाश्रू उभे राहिले.’ सूचना आहे: संधी झालेले शब्द ओळखून विग्रह करा.

पहिल्यांदा शेपटे काढावीत. विद्यार्थी, सूर्योदय, परिच्छेद, शब्द, सज्जन आणि डोळा ही मूळ रूपे मिळतात. ‘प्रत्येक’, ‘स्पष्ट’, ‘उच्चार’ आणि ‘आनंदाश्रू’ यांना काढण्यासारखे काही नाही. ‘डोळा’ येथेच बाद होतो. त्यातला ‘ळ्या’ सामान्यरूपाचा होता. ‘त्या’ हे सर्वनाम आहे, त्यातला ‘य’ही सांधा नव्हे. ‘शब्द’ आणि ‘स्पष्ट’ यांत जोडाक्षरे आहेत, पण त्यांच्या दोन बाजूंना शब्द उभे राहत नाहीत, म्हणून तेही सोडावेत.

‘विद्यार्थी’ आणि ‘सूर्योदय’ वर येऊन गेले आहेत: विद्या + अर्थी, सूर्य + उदय. ‘सूर्योदयापूर्वी’ या पूर्ण रूपात ‘या’ पाहून ‘सूर्योदय + आपूर्वी’ असे लिहिणारे असतात. शेपूट आधी काढले की तो प्रश्नच उरत नाही. ‘प्रत्येक’मध्ये ‘ये’ आहे, तेव्हा प्रति + एक. ‘परिच्छेद’मध्ये ‘च्छ’च्या डावीकडे ‘परि’ हा पूर्ण उपसर्ग उरतो, म्हणून च् मध्ये आलेला: परि + छेद. ‘उच्चार’मध्ये डावीकडे ‘उ’ उरतो, तो ‘उत्’; उजवीकडे ‘चार’: उत् + चार. ‘सज्जन’मध्ये ज् मूळ रूपात आणला की सत् + जन.

राहिला ‘आनंदाश्रू’. ‘दा’मध्ये सांधा आहे. मागे ‘अश्रू’ असा शब्द आहे, ‘आश्रू’ नाही, पुढे ‘आनंद’. म्हणून आनंद + अश्रू. पुन्हा जोडून पाहिले तर अ + अ = आ, आणि शब्द तोच येतो. या वाक्यात एकूण ७ शब्द संधी झालेले निघतात.

## टप्पा ७ : उत्तरपत्रिकेत लिहिताना

विग्रह लिहिताना मधले चिन्ह स्पष्ट काढावे आणि पहिल्या शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल तर त्याचा पाय मोडावा. ‘सत + जन’ आणि ‘सत् + जन’ एक नव्हेत. पहिल्यात त मध्ये अ आहे, आणि मग ती व्यंजनसंधीच राहत नाही. घाईत सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट हीच आहे.

संधीचा विग्रह आणि समासाचा विग्रह यांत गल्लत करू नये. ‘सूर्योदय’चा संधिविग्रह ‘सूर्य + उदय’, तर सामासिक विग्रह ‘सूर्याचा उदय’. प्रश्नात ‘संधी सोडवा’ म्हटले असेल तर दुसरे उत्तर अर्थाने बरोबर असूनही गुण मिळवून देत नाही.

पर्यायी प्रश्नात चारही पर्याय पुन्हा जोडून पाहण्यात वेळ जातो. त्यापेक्षा मागचा शब्द आधी ठरवावा आणि त्याच्याशी न जुळणारे पर्याय खोडावेत. ‘अत्यावश्यक’साठी ‘अती + अवश्यक’, ‘अत्य + आवश्यक’, ‘अति + आवश्यक’ आणि ‘अति + अवश्यक’ असे पर्याय असतील, तर मागचा शब्द ‘आवश्यक’ हे ठरताच पहिला आणि चौथा जातात. उरलेल्या दोहोंत ‘अत्य’ नावाचा उपसर्ग नाही, म्हणून ‘अति + आवश्यक’ हे उत्तर खूण करून पुढच्या प्रश्नाकडे वळावे.